अमेरिकेतून आणलेल्या यंत्राला मधूनच वाय-फाय दिसत नाही, आणि पुण्यातला लॅपटॉप स्वतःचा देश US सांगतो

अंगणवेल

नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. मुलगी न्यू जर्सीहून चार महिन्यांसाठी आली आहे आणि येताना तिने दोन वस्तू आणल्या. एक फरशी झाडणारा रोबो आणि दुसरा तिचा तिथला जुना राउटर, जो आम्ही मागच्या खोलीत तिच्या कामासाठी जोडला आहे. दिवाणखान्यात इंटरनेटवाल्यांनी बसवलेला राउटर आहेच.

रोबो पहिले चार दिवस नीट चालला. पाचव्या दिवशी सकाळी त्याला घरचे वाय-फाय सापडेना. पासवर्ड चुकला असे तो सांगत नाही. यादीत आमच्या जाळ्याचे नावच येत नाही. त्याच वेळी माझ्या फोनवर ते नाव पूर्ण जोराने दिसत असते. दोन दिवसांनी काहीही न करता रोबो पुन्हा सुरू झाला, आणि आता पुन्हा बंद आहे. विक्रेत्याच्या मदतकेंद्राने तो परत पाठवायला सांगितले, पण तो अमेरिकेत परत पाठवण्याचा खर्च रोबोच्या निम्म्या किमतीइतका येतो.

दुसरी गोष्ट याच्याशी संबंधित आहे की नाही ते मला ठाऊक नाही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. वाय-फायची चौकशी करताना मी एक आज्ञा दिली, तर हे दिसले:

```
$ iw reg get
global
country 00: DFS-UNSET
...
phy#0 (self-managed)
country US: DFS-UNSET
```

हा लॅपटॉप पुण्यात विकत घेतला आहे आणि तो कधीही अमेरिकेला गेलेला नाही. मग त्याला US कुणी सांगितले? आणि ही माहिती माझ्या लॅपटॉपमधून बाहेर कुणाकुणाला दिसते?

हौशी_वाचक

ताई, हा देश चित्रपटांच्या संकेतस्थळांसाठी असतो. अमेरिकेतला देश ठेवलात तर तिथले कार्यक्रम दिसतात. व्हीपीएन लावून देश बदलता येतो; आमच्याकडे भाचा तसेच करतो. रोबोच्या ॲपमध्येही देश निवडायचा असतो, तो भारत करून पाहा.

तारायंत्र

हौशी_वाचक, आपण म्हणता तो देश इंटरनेटच्या पत्त्यावरून ठरतो आणि तो वेगळा. येथे प्रश्न रेडिओचा आहे. वाय-फायच्या चिपला कोणत्या देशाचे नियम पाळायचे ते सांगणारी दोन अक्षरे तिच्याजवळ असतात; त्यावरून ती कोणत्या चॅनेलवर बोलायचे, किती जोराने बोलायचे आणि कुठे आधी फक्त ऐकायचे हे ठरवते. व्हीपीएन लावल्याने त्या अक्षरांत काहीही फरक पडत नाही.

अंगणवेल, रोबो परत पाठवू नका. आपण वर्णन केलेले लक्षण, म्हणजे नाव एका यंत्राला ठळक दिसणे आणि दुसऱ्याला मुळीच न दिसणे, हे नादुरुस्तीपेक्षा चॅनेलचे लक्षण अधिक वाटते. वाय-फायचे चॅनेल दाखवणारे कोणतेही साधे ॲप फोनवर घ्या आणि आठवडाभर रोज सकाळी दिवाणखान्यातला राउटर २.४ गिगाहर्ट्झमध्ये कितव्या चॅनेलवर आहे ते लिहून ठेवा. शेजारी रोबो चालला की नाही तेही लिहा. लॅपटॉपच्या US विषयी नंतर बोलू, कारण त्याचे कारण वेगळे असण्याची शक्यता आहे.

सदाशिव_बिऱ्हाड

यावर सरळ उपाय आहे. देशाची अक्षरे ही केवळ कागदी मर्यादा असते. मी माझ्या लिनक्स संगणकावर गेली कित्येक वर्षे ही आज्ञा देत आलो आहे:

```
sudo iw reg set BO
```

म्हणजे बोलिव्हिया. तिथले नियम सैल असल्यामुळे सर्व चॅनेल खुले होतात आणि शक्तीही वाढते. अंगणवेल यांनी लॅपटॉपवर हेच करावे.

अंगणवेल

आठवडा पूर्ण होण्याआधीच लिहिते आहे, कारण चित्र स्पष्ट दिसू लागले आहे. सोमवारी चॅनेल ६ होते, रोबो चालला. मंगळवारी तेच. बुधवारी पहाटे वीज जाऊन आली आणि सकाळी राउटर १३ वर होता. रोबोच्या यादीतून आमचे नाव गेले. गुरुवारी १३ कायम, रोबो बंद. शुक्रवारी मी राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, तो १ वर आला आणि दहा मिनिटांत रोबो चालू झाला. शनिवारी पुन्हा वीज गेली, राउटर १२ वर आला, रोबो बंद. राउटरच्या पानावर चॅनेलसमोर `Auto` लिहिलेले आहे.

तारायंत्र

याहून स्वच्छ नोंद मिळणार नाही. रोबोत काहीही बिघडलेले नाही.

भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली बहुतेक यंत्रे १ ते ११ एवढीच ऐकतात. आपला राउटर भारतीय नियमांनुसार योग्यच वागतो: वीज येताच तो आजूबाजूची गर्दी मोजतो आणि रिकामी जागा शोधतो. सोसायटीतले बहुतेक राउटर १, ६ आणि ११ वर बसलेले असल्यामुळे १२ आणि १३ त्याला मोकळे वाटतात. तो तिथे जातो, आणि अमेरिकी रोबोच्या दृष्टीने घरातले वाय-फाय नाहीसे होते. रोबो त्या चॅनेलवर कान देतच नाही, त्यामुळे राउटर शेजारी आणून ठेवला तरी फरक पडणार नाही.

राउटरच्या पानावर २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल `Auto` ऐवजी १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत कमी गर्दीचे निवडून कायम करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. रोबोचा देश बदलण्याच्या मागे लागू नका, कारण अशा यंत्रांत तो बहुधा कारखान्यातच ठरवलेला असतो.

सदाशिव_बिऱ्हाड यांच्या उपायाविषयी नंतर सविस्तर लिहितो. तोवर, अंगणवेल, ती आज्ञा देऊ नका. आपल्या लॅपटॉपवर ती लागूही होणार नाही.

अंगणवेल

चॅनेल ११ कायम केले. रोबो चालला. मनापासून आभार. पण अमेरिकेत १२ आणि १३ वर बंदी का असावी? लहरी सर्वत्र सारख्याच असतात.

तारायंत्र

बंदी हा शब्द पूर्णपणे बरोबर नाही, आणि हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. चॅनेल १३ चा मध्य २४७२ मेगाहर्ट्झवर असतो. वीस मेगाहर्ट्झची रुंदी धरली की ते २४८२ पर्यंत पोहोचते. परवानामुक्त पट्टा २४८३.५ ला संपतो आणि त्याच्या लगेच पलीकडचा, २५०० पर्यंतचा भाग अमेरिकेत संरक्षित आहे. उपग्रह दूरध्वनीची सेवा तिथेच चालते. वाय-फायचा कोणताही सिग्नल आपल्या कडेला सुरीने कापल्यासारखा थांबत नाही, थोडा बाहेर सांडतो. तो सांडलेला भाग संरक्षित पट्ट्यात फारच क्षीण असला पाहिजे, अशी अमेरिकेच्या संचार आयोगाची अट आहे. ती अट १२ आणि १३ वर पाळायची तर शक्ती खूप उतरवावी लागते, आणि एवढ्यासाठी वेगळी चाचणी करण्यापेक्षा ते दोन चॅनेल वगळणे निर्मात्यांना स्वस्त पडते. म्हणजे कायद्याने कड कडक केली आणि बाजाराने चॅनेल सोडून दिले. जपानमध्ये याउलट १४ वे चॅनेलही होते, २४८४ वर, पण ते फक्त जुन्या, संथ ८०२.११बी प्रकारासाठी.

देश ग्राहकाला बदलता येऊ नये, हा आग्रहही तिथूनच आला. २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीने अमेरिकी आयोगाशी तडजोड करून २ लाख डॉलर भरले, कारण तिच्या काही राउटरांत ग्राहकाला दुसऱ्या देशाची सेटिंग निवडून मंजुरीपेक्षा अधिक शक्ती वापरता येत होती. त्यामुळे अमेरिकेत घेतलेल्या राउटरमध्ये देशाची यादी बहुधा दिसतच नाही, किंवा दिसली तरी तिच्यात एकच नाव असते.

आता `iw reg set BO` विषयी. ही आज्ञा लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, विनंती करते. चिपमध्ये कारखान्यातून देश नोंदलेला असेल, तर कर्नल दोन्ही याद्यांचा समाईक भाग तेवढा लागू करतो, म्हणजे सवलत वाढत नाही, उलट कमी होऊ शकते. अशा वेळी `iw reg get` मध्ये देशाच्या जागी 98 हा आकडा दिसतो. ज्या चिपवर `self-managed` लिहिलेले आहे तिथे चिपचे स्वतःचे फर्मवेअर ठरवते आणि ही विनंती बाजूला राहते. अंगणवेल यांचा लॅपटॉप त्या जातीचा आहे. ज्या मोजक्या चिपवर आज्ञा खरोखर लागू होते, तिथेही कागदावर शक्ती वाढली म्हणजे वेग वाढतोच असे नाही, कारण ॲम्प्लिफायर त्याच्या मापलेल्या मर्यादेपलीकडे गेला की सिग्नल विस्कटतो आणि वेगवान प्रकार आधी बंद पडतात. शिवाय भारतातही हे पट्टे विनापरवाना आहेत ते अटींसह, २.४ साठी २००५ ची आणि पाच गिगाहर्ट्झसाठी २०१८ ची अधिसूचना आहे, आणि अट मोडली की ती मुभा उरत नाही.

सदाशिव_बिऱ्हाड

आपण सांगितल्यावर मी आज तपासले. माझ्याकडे खरोखर `country 98` दिसते. इतकी वर्षे मी शक्ती वाढली असे धरून चाललो होतो. तरीही एक सांगतो, माझ्या जुन्या यूएसबी ॲडॅप्टरवर ही आज्ञा दिल्यावर १३ वे चॅनेल प्रथमच दिसले होते. म्हणजे काही प्रमाणात ती चालते.

तारायंत्र

ते शक्य आहे, आणि आपले निरीक्षण बरोबर आहे. देश न सांगितलेल्या चिपला कर्नल `00` देतो, म्हणजे कुठेही चालेल अशी जपून केलेली यादी. तीत १२ आणि १३ वर स्वतःहून काही पाठवायचे नाही, फक्त ऐकायचे, अशी अट असते. आपण कोणताही असा देश सांगितला असता ज्यात १३ आहे, तरी ते खुले झाले असते. `IN` पुरेसे होते.

इसारकाठ

मी म्युनिकला असतो आणि माझ्याकडे याच्या उलट प्रकार झाला, म्हणून लिहितो. माझा राउटर इथलाच, १३ व्या चॅनेलवर. मॅकबुकही इथेच घेतलेले. गेल्या हिवाळ्यात त्याला घरचे वाय-फाय मधूनच दिसत नसे, फोनला मात्र दिसे. ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की मॅक बरीच माहिती दाखवतो, तीत `Country Code: US` होते. मी गोंधळलो, कारण भाषा, वेळ, दुकान सगळे जर्मनीचे होते. शेवटी कळले की वरच्या मजल्यावर अमेरिकेतून आलेले कुटुंब राहायला आले होते आणि त्यांनी तिथला राउटर आणला होता. माझ्या मॅकने देश त्या राउटरकडून ऐकून घेतला होता! मी आमचे चॅनेल ६ वर आणले आणि प्रश्न मिटला. वाय-फाय बंद करून पुन्हा लावले की कधी `DE` येते, कधी `US`. मॅक यातला कोणता का निवडतो हे मला अजून समजलेले नाही.

तारायंत्र

अंगणवेल यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इसारकाठ यांनी जवळजवळ दिलेच आहे.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत स्वतःची ओळख सांगणारा छोटा संदेश सोडतो. त्याला बीकन म्हणतात. त्यात जाळ्याचे नाव असते, आणि बऱ्याच राउटरांत देशाची दोन अक्षरे, त्यांच्यामागे जागेचे एक चिन्ह आणि नंतर चॅनेलांची यादी व प्रत्येक गटाची कमाल शक्तीही असते. हा संदेश कूटबद्ध नसतो, कारण जोडले जाण्याआधीच तो वाचता आला पाहिजे. दुसऱ्या देशातून आलेल्या यंत्राला इथले नियम कळावेत, या चांगल्या हेतूने वाय-फायच्या मानकाच्या २००१ मधल्या ८०२.११डी या सुधारणेत ही सोय केली गेली. अडचण इतकीच की बीकनमध्ये राउटर स्वतःला ज्या देशाचा समजतो तो देश असतो, तो प्रत्यक्ष जिथे उभा आहे तो नव्हे.

आपण हे चालवून पाहा, `wlp2s0` च्या जागी आपल्या वाय-फाय कार्डाचे नाव घाला:

```
sudo iw dev wlp2s0 scan | grep -E "^BSS|SSID|Country"
```

अंगणवेल

चालवले. एकूण १४ जाळी दिसली. ११ जाळ्यांपुढे `Country: IN` आहे. दोनांपुढे देशच नाही. आणि एकापुढे हे आहे:

```
SSID: magchi-kholi
Country: US	Environment: Indoor/Outdoor
```

हे आमचेच, मागच्या खोलीतले! मी तो राउटर बंद केला आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू केला. पहिल्या दोन मिनिटांत `country 00` होते, मग `country IN` आले. तो राउटर पुन्हा लावला, लॅपटॉप त्याच खोलीत नेऊन पुन्हा सुरू केला, तर `US`. दिवाणखान्यात सुरू केला तर एकदा `IN` आणि एकदा `US`.

म्हणजे लॅपटॉपने आमच्याच घरातले ऐकले. `IN` म्हणणाऱ्या ११ जाळ्यांवर त्याने विश्वास ठेवला नाही आणि मागच्या खोलीतल्या एका राउटरवर ठेवला, हे मात्र मला चमत्कारिक वाटले.

एक शंका आणखी. एका जाळ्यापुढे `Country: IN` नंतर `Environment: bogus` असे लिहिले आहे. ते कुणी खोटे जाळे उभे केले आहे का? वाचून मी घाबरले.

तारायंत्र

घाबरण्याचे कारण नाही. दोन अक्षरांनंतरच्या चिन्हाच्या जागी पूर्वी घरात, बाहेर किंवा दोन्हीकडे एवढेच सांगत असत. नंतर त्याच जागी, खालची यादी जागतिक तक्त्यानुसार वाचावी असे सांगणारा आकडा ४ लिहिला जाऊ लागला. जुन्या `iw` ला तो ओळखता येत नाही आणि तो बिचारा `bogus` छापतो. ते जाळे खोटे आहे असा त्याचा अर्थ नाही. बहुधा तो शेजाऱ्यांचा नवा राउटर असेल.

अकरांना डावलून एकाला का मानले, याचे नेमके उत्तर त्या चिपच्या बंद फर्मवेअरमध्ये आहे आणि निर्मात्याने ते प्रसिद्ध केलेले नाही. जवळच्या सिग्नलला झुकते माप मिळत असावे असे आपल्या दोन खोल्यांच्या प्रयोगावरून वाटते, पण चार वेळा सुरू करून काढलेला तो निष्कर्ष आहे, त्यावर मी पैज लावणार नाही.

रत्नदुर्ग

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. रत्नागिरीत आंब्याच्या बागेत तापमान मोजण्यासाठी मी रास्पबेरी पाय हे छोटे संगणक लावले आहेत. २०१८ च्या ३बी प्लसपासून त्यांत देश सांगितल्याशिवाय वाय-फाय सुरूच होत नाही. पडद्यावर `Wi-Fi is currently blocked by rfkill` असे येते. मी मात्र इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्याने तयार करून दिलेल्या मेमरी कार्डाची प्रत काढत गेलो, त्यामुळे तो संदेश कधी आलाच नाही. हा धागा वाचून आज पाहिले तर सर्व सात यंत्रांच्या `/boot/firmware/cmdline.txt` मध्ये `cfg80211.ieee80211_regdom=GB` आहे. तीन वर्षे काहीही अडले नाही. मग हे बदलण्याची खरोखर गरज आहे का?

तारायंत्र

अडले नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे १ ते १३ चॅनेल आहेत. ज्या चुकीने त्रास होत नाही ती अशीच वर्षानुवर्षे टिकते. पाच गिगाहर्ट्झवर गेलात की याद्या आणि शक्ती वेगळ्या होतात, म्हणून `sudo raspi-config` मधून `IN` करून घ्या.

आपले उदाहरण मला या धाग्यात फार उपयोगी वाटते. अंगणवेल यांच्या रोबोचा देश कारखान्यातून आला, लॅपटॉपचा हवेतून ऐकलेला होता आणि आपल्या बागेतला तिसऱ्याच माणसाने टंकलेला. तिन्ही ठिकाणी दिसतात दोनच अक्षरे, पण पहिल्यात वस्तू कुठल्या बाजारासाठी बनली ते कळते, दुसऱ्यात शेजारी कोण आहे ते, आणि तिसऱ्यात कार्ड कुणी तयार केले ते. यंत्र आज कुठे उभे आहे हे यांतल्या एकानेही सांगितले नाही.

अँड्रॉइड फोनची आणखी चौथी रीत आहे. तो देश प्रथम मोबाइलच्या जाळ्याकडून घेतो. सिम भारतीय असले तरी दुबईत उतरून तिथल्या जाळ्यावर गेले की तो `AE` होतो. म्हणून फोनचा देश इतरांच्या मानाने अधिक खरा निघतो. संगणकाला जोडून `adb shell cmd wifi get-country-code` दिले की तो वाचता येतो.

पायवाट

म्हणजे या अक्षरांवरून माणसाचा ठावठिकाणा सिद्ध होत नाही, असेच ना? मग २०२४ मध्ये बेंगळुरूच्या तरुणांनी केले ते कसे शक्य झाले? एअरपॉड्समधली श्रवणयंत्राची सोय तेव्हा भारतात बंद होती, आणि आयपॅडला अमेरिकेत असल्याचे भासवून त्यांनी ती आपल्या आजींसाठी सुरू करून घेतली. त्यांनी वाय-फायचा देश US केला होता, असे मी वाचले आहे.

तारायंत्र

त्यात मुख्य काम देशाच्या अक्षरांनी केले नव्हते. आयपॅड धातूच्या आवरणात ठेवून त्यांनी बाहेरचे सिग्नल अडवले आणि आत कॅलिफोर्नियातल्या राउटरांचे हार्डवेअर पत्ते धारण करणारी नकली जाळी उभी केली. राउटरांच्या पत्त्यांवरून जागा ओळखणारी मोठी कोष्टके असतात. आयपॅड त्यांना फसला. आपण ज्या दोन अक्षरांविषयी बोलतो आहोत ती त्या मानाने कच्ची खूण आहे. पण ती इतर खुणांबरोबर ठेवली की उपयोगी पडते, म्हणून ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही.

अंगणवेल

माझा मूळचा प्रश्न पुन्हा विचारते, कारण आता त्यामागचे कारणही सांगायला हवे. मुलगी तिच्या अमेरिकी नोकरीचे काम इथून व्हीपीएन लावून करते. कार्यालयाला कळवले आहे, परवानगी चार महिन्यांची आहे, त्यामुळे लपवण्यासारखे काही नाही. पण हे दोन अक्षरांचे प्रकरण नेमके कुणाला दिसते, हे आम्हा दोघींना समजून घ्यायचे आहे.

तारायंत्र

मी अंतराच्या क्रमाने सांगतो.

सर्वांत जवळ म्हणजे रस्त्यावरून जाणारा कुणीही. आपल्या मागच्या खोलीतला राउटर दिवसरात्र `US` म्हणतो आहे. ज्याला बीकन वाचता येते त्याला एवढे कळते की या घरात अमेरिकेतून आणलेले यंत्र आहे, म्हणजे कुणीतरी तिथून आलेले आहे. असे बीकन गोळा करून नकाशावर मांडणारे हौशी लोक जगभर आहेत. सदाशिव_बिऱ्हाड यांनी आपल्या संगणकावरून हॉटस्पॉट चालवला असता आणि ती आज्ञा लागू झाली असती, तर पेठेतल्या वाड्यातून `BO` ऐकू आले असते, आणि जाणकाराला तेवढ्यावरून कळले असते की इथे कुणी सेटिंगशी खेळले आहे.

जोडली जाणारी यंत्रे, म्हणजे फोन आणि लॅपटॉप, देशाची अक्षरे सहसा पाठवत नाहीत. पण पाच गिगाहर्ट्झवर जोडणी मागताना अनेक यंत्रे आपल्याला चालणाऱ्या चॅनेलांची यादी राउटरला देतात आणि तीही उघड्या स्वरूपात असते. फोन आपला हार्डवेअर पत्ता बदलून लपवतो, यादी मात्र तशीच राहते. ज्या यादीत एखाद्या देशात न चालणारे चॅनेल आहेत, ते यंत्र त्या देशाच्या सेटिंगवर नसावे असे अनुमान निघते. नकारार्थी अनुमान त्यातल्या त्यात बरे असते. होकारार्थी मात्र सैल, कारण एकच यादी अनेक देशांत बसते.

संकेतस्थळांना यातले काही दिसत नाही. ब्राउझर ही माहिती देत नाही.

राहिले कार्यालय. लॅपटॉप कार्यालयाने दिलेला असेल आणि त्यावर त्यांचे व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर असेल, तर ते यंत्राच्या आत बसून हेच वाचू शकते, जसे मॅकवर `sudo wdutil info` मधून मला आणि आपल्याला वाचता येते. व्हीपीएन आड येत नाही, कारण वाचन यंत्रातच होते. परवानगी आहे म्हणून चिंता नको, पण उलट बाजू लक्षात ठेवा: मागच्या खोलीतल्या राउटरमुळे तिचा लॅपटॉप पुण्यात असूनही `US` नोंदवत असेल, आणि तिने इथून काम केल्याचा पुरावा कधी मागितला गेला तर ती नोंद तिच्या खऱ्या सांगण्याच्या विरुद्ध जाईल.

अंगणवेल

हे माझ्या मनात आलेच नव्हते. तिने आत्ता पाहिले. तिच्या मॅकवर खरोखर `US` आहे. त्या राउटरमध्ये देश बदलण्याची सोय शोधली, पण यादीत एकच नाव आहे, आपण म्हणालात तसेच.

इसारकाठ

त्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चढवता येत असेल तर देश `IN` करता येईल. बीकनमधून देश काढूनही टाकता येतो. बीकन पाठवणाऱ्या `hostapd` या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये `ieee80211d=1` ही ओळ नसली की तो जात नाही.

तारायंत्र

देश काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. `00` वर असलेली यंत्रे मग कुणाचे ऐकावे हे न कळून संकोचाने वागतात, आणि आपली जागा लपते म्हणावे तर आजूबाजूचे राउटर `IN` म्हणतच असतात. इथलाच एखादा साधा राउटर त्या खोलीत लावणे अधिक सोपे. विकत घेताना मात्र फर्मवेअर ताजे आहे ना ते पाहा, कारण `IN` या अक्षरांमागची यादीही बदलत आली आहे. २०१८ आधीच्या यादीत पाच गिगाहर्ट्झचे १०० ते १४४ हे चॅनेल नव्हते आणि जुने फर्मवेअर अजून तीच यादी धरून बसलेले असते.

पायवाट

ज्या दोन जाळ्यांपुढे देशच नव्हता, ती कोणाची निघाली?

अंगणवेल

एक खालच्या मजल्यावरच्या काकांचे, त्यांचा राउटर बारा वर्षांपूर्वीचा आहे. दुसरे कधी दिसते, कधी नाही. रात्री अकरानंतर नक्की असते. सोसायटीत विचारते आहे. मागच्या खोलीतला अमेरिकी राउटर आज बंद केला, आणि संध्याकाळी मुलीच्या मॅकवर `IN` आले.